सध्याचा पत्ता

पुण्यात कोण कुठं राहतो हे पगारावर ठरतं, असा पुणेकरांचा समज आहे. माझ्या मते ते ज्याची त्याची एसटी कुठल्या रस्त्यानं शहरात शिरते यावर ठरतं. इंदापूर, टेंभुर्णी, सोलापूर, बार्शीकडचा माणूस हडपसरला उतरतो आणि उतरतो तिथंच राहतो. फार तर मांजरी-फुरसुंगीपर्यंत सरकतो. सातारा-कऱ्हाड-कोल्हापूरवाले कात्रज, धनकवडी, आंबेगावात सापडतात. नगर-बीडकडचे वाघोली, चंदननगर, खराडीला. नाशिक रस्त्यानं आलेले मोशी-भोसरीला. हे कुणी ठरवून केलेलं नाही. मालदांडी ज्वारीचं पोतं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि आईनं ऐनवेळी कोंबलेली गोधडी घेऊन माणूस जिथं उतरतो तिथून फार लांब जाऊ शकत नाही, एवढंच. शहर नियोजन करणारे मोठमोठे नकाशे काढतात, पण पोत्याचं वजन कुणी हिशेबात धरत नाही.

मी बार्शीचा. म्हणजे हडपसर.

बार्शीचा आहे हे पुण्यात सांगणं सोपं नाही, कारण सांगून कुणाला काही कळत नाही. "म्हणजे लातूरकडे?" हा पहिला प्रश्न. सोलापूर जिल्हा म्हटलं की समोरचा चेहरा पाडतो, कारण त्यानं मनात मराठवाड्याची खूणगाठ बांधलेली असते. दोष त्याचा नाही, निजामाचा आहे. त्याच्या काळात बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती आणि आजूबाजूला बहुतेक निजामाचं राज्य होतं. त्याचा परिणाम असा की सोलापूरवाले आमची बोली ऐकून आम्हाला मराठवाड्यात ढकलतात आणि धाराशिव-लातूरवाले जिल्हा ऐकून पश्चिम महाराष्ट्रात. जुन्या माणसांना बार्शी म्हटलं की १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे आठवते. अरुंद रुळांवरची ती गाडी चालत्या माणसाला मागं टाकत नसे, असं तिच्यावर प्रेम असणारेच सांगतात. मी मात्र रेल्वेनं नाही, ट्रॅव्हल्सनं आलो, पंधरा नंबरला उतरलो आणि माझ्याजवळ स्वतःबद्दल दाखवण्याजोगा एकही कागद नाही हे तिथं आल्यावर समजलं.

तसे कागद होते. पदवी होती, आधार होतं, नोकरीचं पत्र होतं. पण बार्शीत या कशाचीच गरज पडलेली नव्हती. वडील तिथल्या भुसार अडतीवर दिवाणजी होते. तुरीचे, उडदाचे, ज्वारीचे कट्टे मोजण्यात आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे भगवंत मंदिरापासून उपळाई रोडपर्यंत मी "दिवाणजींचा धाकटा" होतो. माझं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, तेवढंच. बँकेत खातं काढायला गेलो तर कारकुनानं मला काही न विचारता फॉर्म भरला, सही करायला लावली आणि वर "वडिलांना सांग, उचल भरायची राहिलीय" असा निरोपही दिला. बँकेची भाषा आता बदलली आहे, ग्राहकाची ओळख पटवून घेणं वगैरे. आमच्याकडं ग्राहकाची ओळख आधी पटलेली असायची, म्हणूनच तर कर्ज मिळत नसे.

पुण्यात घर शोधायला लागलो तेव्हा पहिल्यांदा स्वतःची माहिती स्वतः द्यायची वेळ आली. फ्लॅट हडपसरला, मालक कोथरूडला. मुलाखत कोथरूडला झाली. काका सज्जन होते, पण प्रश्न विचारताना त्यांचा आवाज जरा खाली जायचा.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"बार्शी."

"लातूरकडे ना?"

"सोलापूर जिल्हा."

"असं का. आडनाव सांगितलंत, पण ते तुमच्याकडे बऱ्याच लोकांत असतं ना हो?"

आता या प्रश्नाला उत्तर नसतं आणि तो प्रश्न आहे असंही कुणी कबूल करत नाही. बार्शीत हे विचारायची वेळ येत नाही, कारण तिथं आधीच सगळं माहीत असतं आणि त्यावरून जे काय ठरायचं ते दोन पिढ्यांपूर्वीच ठरलेलं असतं. पुण्यात ते चहाच्या कपाआड विचारतात. यातलं सुधारलेलं कोण, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

"नॉनव्हेज वगैरे?"

"घरी करत नाही." म्हणजे मला करता येत नाही. खोटं काही नव्हतं.

"आणि फॅमिली?"

"आहे की. आई, वडील, थोरला भाऊ, वहिनी…"

"नाही नाही, फॅमिली."

फॅमिली म्हणजे बायको, हे मला ब्रोकरनं टेबलाखालून पाय दाबून समजावलं. काकांना बिनबायकोचा भाडेकरू नको होता, पण फ्लॅट बरेच दिवस रिकामा होता. काकूंनी पोह्याची बशी पुढं केली तेव्हा सौदा झाला असं समजलो. भाडं अठरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, मुदत अकरा महिने.

अकराच का, हे मी विचारलं. काका म्हणाले, "तशी पद्धत आहे." ब्रोकर म्हणाला, "तसा कायदा आहे." पद्धत खरीच होती, कायदा मात्र तसा नव्हता. देशाच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली, बारावा महिना लागण्याआधीच कागद संपवायचा. पण महाराष्ट्रानं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात, कलम ५५ मध्ये, ती वाट बुजवून टाकली. इथं मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि त्यानं ती टाळली तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. वर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे अकरा या आकड्याला महाराष्ट्रात आता काही अर्थ उरलेला नाही. तरीही सगळे अकरा महिन्यांचाच करार करतात. सासू गेल्यावरही सुनेनं डोक्यावरचा पदर तसाच ठेवावा, तसं ते चालू आहे.

दुसरी गंमत मला करार वाचताना कळली. मी भाडेकरू नव्हतोच. कागदाचं नाव लिव्ह अँड लायसन्स. त्यात मालक परवानगी देणारा आणि मी परवानगी घेणारा. घरात माझा हक्क कसलाच निर्माण होत नाही. मी आत असलो तर मालकाची हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुदत संपून मी हललो नाही तर भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई. बार्शीत आमच्याकडं लग्नाला आलेले एक मामा तुळशीच्या लग्नापर्यंत राहिले होते. त्यांना हे कलम कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मुद्रांकाचा हिशेब मी स्वतः केला. दिवाणजींचा मुलगा आहे, पट्टी तपासल्याशिवाय पैसे देत नाही. अकरा महिन्यांचं भाडं एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. डिपॉझिटवर दहा टक्के वार्षिक व्याज मिळालं असं धरायचं, ते अकरा महिन्यांचं साडेचार हजारांच्या वर. दोन्ही मिळून दोन लाख अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यावर पाव टक्का. म्हणजे पाचशे सहा रुपये. नोंदणी फी हजार. एजंट म्हणाला, "सगळं धरून तीन हजार." उरलेल्या पैशाचं काय, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, "मशीन घेऊन घरी येतो ना."

आणि तो आला. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात अंगठ्याचं यंत्र, वेबकॅमची वायर गळ्यात, आणि मागं दोन पोरं. काकांचा अंगठा लागला. काकांचा फोटो निघाला. माझा फोटो तसला निघाला, जसा अशा कागदांवर सगळ्यांचाच निघतो; माणूस नुकताच सापडल्यासारखा. माझा अंगठा मात्र लागेना. "डोक्यावरून जरा फिरवा," एजंट म्हणाला. केसातलं तेल बोटाला लागलं की रेषा उमटतात, ही युक्ती सगळ्या एजंटांना ठाऊक असते. मी पुण्यात आल्यापासून तेल लावायचं सोडलं होतं. शेवटी एजंटनं स्वतःच्या कपाळावरून माझा अंगठा फिरवला आणि तो लागला. शहरानं मला स्वीकारलं ते दुसऱ्याच्या कपाळाच्या जोरावर.

मग ती दोन पोरं पुढं आली. ते साक्षीदार होते, म्हणजे ओळख पटवणारे. त्यांनी अंगठे ठेवले आणि कागदावर छापून आलं की हे दोन इसम करार करणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात. त्यातल्या एकाच्या हातात वडापाव होता. अंगठा मोकळा ठेवून त्यानं तो चार बोटांत कसा धरला होता, ते पाहण्यासारखं होतं. हे काम तो दिवसातून बऱ्याचदा करत असणार.

मी म्हटलं, "भाऊ, नाव काय तुमचं?"

"त्यात आहे," तो कागदाकडं हनुवटी करत म्हणाला.

बार्शीत मला व्यक्तिशः ओळखणारी माणसं मोजायला बसलो तर अडत बाजार बंद ठेवावा लागेल. त्यातलं एकही तिथं नव्हतं आणि असतं तरी चाललं नसतं, कारण त्यांतल्या निम्म्यांना माझं कागदावरचं नाव सांगता आलं नसतं. इथं माझं नाव न विचारलेल्या माणसानं मला ओळखल्याचं सरकारदरबारी नोंदलं गेलं, आणि ते मान्यही झालं.

राहायला गेलो. खालच्या फलकावर माझ्या फ्लॅटपुढं काकांचं आडनाव. दारावरची पाटी काकांची. कुरिअरवाला मला काकांच्या आडनावानं हाक मारतो आणि मी 'ओ' देतो, कारण पार्सल हवं असतं. कामवाल्या मावशींनी ते आडनाव धरलं आणि त्याला "दादा" जोडलं. गेटवरच्या रखवालदाराला आडनावाचं काही पडलेलं नाही. त्याच्या मोबाइलवर मी बी-सहाशे चार आहे. "बी-सहाशे चार, खाली स्विगी आलंय," असा इंटरकॉम येतो. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त मालकांचा. पाणी जाणार असेल तर ती बातमी आधी कोथरूडला जाते, तिथून काका ती मला पाठवतात, आणि तोवर माझ्या अंगावर साबण असतो.

पण सगळ्यात भारी गोष्ट मला सोसायटीच्या बिलावर दिसली. मालक स्वतः राहत नसेल तर त्याच्याकडून सोसायटी वेगळी आकारणी करते, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये, असं सरकारनं २००१ मध्ये ठरवून दिलं आहे. म्हणजे ज्या घरात मी झोपतो, खिचडी लावतो, रात्री अकराला बादल्या भरतो, ते घर सोसायटीच्या दफ्तरी कुणी राहत नसलेलं घर आहे. माझ्या तिथं असण्याचं बिल 'नसण्याच्या' नावाखाली फाडलं जातं. काकांनी ते पैसे भाड्यात धरलेत, म्हणजे तिथं न राहण्याचे पैसेही मीच भरतो.

नोंदवलेल्या कराराचा एक फायदा असतो. तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. कंपनीत कुणी तरी सांगितलं की आधारवरचा पत्ता बदलून घे, सगळी कामं सोपी होतील. बदलला. नवीन आधार आलं आणि सणाला गावी गेलो तेव्हा ते आईच्या हाती लागलं.

"आधारवरनं बार्शी काढलीस?"

"अगं, नुसता पत्ता बदललाय."

"नुसता कसा? आज पत्ता काढलास, उद्या नाव काढशील."

"त्यात एकच पत्ता बसतो. तिथं कामाला लागतो."

"आन हितं काय लागतं मग? नुसतं जेवाय यायचं?"

वडील पेपर वाचत होते. दिवाणजींना कागद कळतो. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "अकरा महिन्यांचा कागद दाखवून हे बदललं?"

"हो."

"बाराव्या महिन्यात कुठला म्हणायचा मग तू?"

मी गप्प बसलो. पुढं बँकेच्या फॉर्मवर दोन रकाने आले, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. तेव्हा मला बरं वाटलं, दोघांचीही सोय झाली. 'कायमचा'समोर मी मोठ्या अक्षरांत बार्शीचा पत्ता लिहिला आणि लिहिता लिहिता हात थांबला. कारण ते घर आमचं नाही. अडतवाल्या शेटजींच्या वाड्यातल्या त्या तीन खोल्या आजोबांनी भाड्यानं घेतल्या होत्या. कागद झालेला नाही, पावती असते की नसते, कुणी पाहत नाही. भाडं इतकं जुनं आहे की शेटजींचा नातू ते न्यायला येतो तेव्हा त्याला दिलेल्या चहाचा खर्च जास्त होतो. जुन्या भाडेकरूला कायदा हलवू देत नाही आणि आम्हाला हलायचं नाही. तीन पिढ्या राहिल्यावर तो वाडा गावात "दिवाणजींचा वाडा" झाला. परवा शेटजींच्या नातवाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना पत्ता सांगताना कुणी तरी म्हणालं, "ते दिवाणजींच्या वाड्याचे मालक नाहीत का, त्यांच्याकडं."

म्हणजे जिथं नोंदवलेला, मुद्रांक भरलेला, अंगठा लावलेला करार आहे तिथं मला मालकाच्या नावानं हाक मारतात, आणि जिथं कागदाचं चिटोरंही नाही तिथं मालकाला आमच्या नावानं ओळखतात. बँकेच्या फॉर्मला यासाठी तिसरा रकाना नाही.

बाकी बदल व्हायचे ते झाले. ऑफिसात "लई" जाऊन "खूप" आलं. गावाकडं निघालेली गाडी भिगवणला थांबते तोवर मी फोनवर "हो, पोचतोय साधारण साडेसहापर्यंत" म्हणतो आणि टेंभुर्णीच्या पुढं गेली की "यिऊलालोय की, च्या टाक" म्हणतो. तोंड आपोआप बदलतं, मला त्यात काही करावं लागत नाही. घरी वहिनी भाजीत तिखट घालताना विचारते, "भाऊजी, तुमच्या पुण्याला चालंल का एवढं?" आणि पुण्यात मेसच्या काकू म्हणतात, "तुम्हा सोलापूरकडच्यांना कितीही घाला, कमीच." दोन्हीकडं प्रयोग माझ्याच पोटावर होतो.

परवा समोरच्या फ्लॅटमध्ये, सहाशे तीनमध्ये, नवीन मुलगा आला. दुपारी बेल वाजली. तोच एजंट, गळ्यात तीच वायर.

"साहेब, एक साक्षीदार कमी पडलाय. आधार असेल तर पाच मिनिटं येता का?"

गेलो. मुलगा कोपऱ्यात उभा होता, शेजारी ज्वारीचं पोतं. एजंटनं माझं आधार टाकलं आणि यंत्र पुढं केलं. या मुलाला व्यक्तिशः ओळखतो असं मी आता सरकारला सांगणार होतो. अंगठा लागेना.

"डोक्यावरून फिरवा," एजंट म्हणाला.

मी फिरवत फिरवत त्या मुलाला विचारलं, "कुठला रे?"

"बार्शीजवळचा."

"लातूरकडे?" असं मी म्हणालो आणि जीभ चावली. "कुठल्या बाजूला?"

"परांडा रोडला."

"कुणाचा?"

त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. ते मला माहीत नव्हतं. आजोबांचं सांगितलं, तेही नाही. मामा कोण विचारलं. मामांची तूर कुठल्या अडतीवर येते ते विचारलं. त्यानं सांगितलं आणि मी यंत्रावरचा हात काढूनच घेतला.

"अरे, त्या अडतीवर दिवाणजी होते ते—"

"ते का! लई कडक हुते म्हणं. मामाची दोन किलोची घट धरली होती एकदा, अजून सांगतो मामा."

"तुझ्या मामाच्या कट्ट्यात माती होती."

"ती वाहतुकीत झाली म्हणतो मामा."

"वाहतुकीत ओली माती कशी होईल? उन्हाळ्याच्या दिवसांत?"

"साहेब," एजंट म्हणाला, "अंगठा ठेवा ना. पुढं मगरपट्ट्याला जायचंय मला."